विंडोज, मॅक आणि उबंटूत फिरणारी डिस्क: एक्सफॅट करायची, पण कशी?

प्रश्न: घरात माझा विंडोज लॅपटॉप, मुलीचं मॅकबुक आणि एका जुन्या पीसीवर उबंटू आहे. 2 टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क सगळ्यांत फिरते, कधी टीव्हीलाही लावतो. आता ती एनटीएफएस आहे, मॅकवर फोटो दिसतात पण नवीन काही टाकता येत नाही. कोणी म्हणतं एक्सफॅट करा, कोणी म्हणतं एक्सफॅटमध्ये डेटा उडतो. नक्की काय करू? डिस्कवर साधारण 900 जीबी आहे, त्यात लग्नाचे मोठमोठे व्हिडिओ.

उत्तर:

एक्सफॅट करा. पण ज्यांनी तुम्हाला घाबरवलं तेही अगदी चूक नाहीत, म्हणून फॉरमॅट मारण्याआधी बाकीचं वाचून घ्या.

एनटीएफएस, एक्सफॅट या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती. अशा वेळी मी एकच गोष्ट विचारतो: या डिस्कवर लिहिणार कोण कोण? वाचायला बहुतेक सिस्टिमना बरंच काही येतं, अडतं ते लिहिताना. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर विकत मिळतो, पण तो फक्त त्या एका मॅकपुरता, आणि मॅकओएसची नवी आवृत्ती आली की तो चालेल ना ही धाकधूक. घरात मॅक नसता तर मी तुम्हाला एनटीएफएसवरच राहायला सांगितलं असतं, कारण लिनक्सला ती नीट लिहिता येते. पूर्वी ते काम `ntfs-3g` करायचं, आणि 2021 साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल 5.15 मध्ये, `ntfs3` हा ड्रायव्हर थेट आतच आला.

फॅट32 सगळीकडे चालते, पण तिच्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे तुमचे लग्नाचे व्हिडिओ दारातच अडले. मॅकची एपीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी4 विंडोजला ओळखताच येत नाही, आणि विंडोज नुसती गप्प बसत नाही. `You need to format the disk in drive E: before you can use it.` अशी खिडकी समोर आणते, खाली `Format disk` हे बटण. घरात चार माणसं डिस्क वापरत असतील तर कोणीतरी एक दिवस ते बटण दाबतंच.

राहिली एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती 2006 साली आणली. मॅकला ती 10.6.5 पासून वाचता-लिहिता येते. लिनक्सचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आराखडा खुला केला आणि 2020 च्या कर्नल 5.7 मध्ये चांगला ड्रायव्हर आला. तुमच्या पीसीवर उबंटू 22.04 किंवा त्यापुढची असेल तर काही घालावं लागणार नाही.

आता "डेटा उडतो" याबद्दल.

एखाद्या लॉजची कल्पना करा. पाहुणा आला की तीन कामं होतात: त्याला खोलीत पोचवायचं, किल्ल्यांच्या फळ्यावर ती खोली भरली असं दाखवायचं आणि रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. डिस्कवर फाइल टाकताना हेच घडतं. मजकूर क्लस्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यांत जातो, कुठले क्लस्टर भरले याचा नकाशा बदलतो, आणि फोल्डरमध्ये फाइलचं नाव, आकार व ती कुठून सुरू होते ही नोंद होते. या कामांच्या मध्येच केबल निघाली तर फळा एक सांगतो, रजिस्टर दुसरं, आणि खोलीत भलतंच कोणीतरी असतं.

एनटीएफएस यावर एक कच्ची वही ठेवते. अमुक बदल करणार आहे हे आधी वहीत, मग प्रत्यक्षात. वीज गेली तर पुढच्या वेळी वही उघडून अर्धवट काम एकतर पुरं करते नाहीतर मागे घेते. याला जर्नल म्हणतात. एक्सफॅटमध्ये अशी वही नाही. तिच्याकडे फक्त एक खूण आहे: लिहिणं सुरू झालं की "अस्वच्छ", नीट इजेक्ट केलं की "स्वच्छ". शिवाय फॅट32 आपल्या मुख्य तक्त्याच्या दोन प्रती ठेवते, एक्सफॅट सहसा एकच.

म्हणजे एक्सफॅट उगाच बसल्या जागी डेटा खात नाही. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर ती स्वतःला सावरू शकत नाही, एवढंच. आणि हेही खरं की एनटीएफएसची वही फाइलींची मांडणी वाचवते, अर्धवट गेलेला व्हिडिओ तीही परत आणून देत नाही.

पंधरा वर्षांहून जास्त काळ लोकांच्या डिस्का सांभाळल्या, तरी एका दिवाळीत ही चूक मीच केली. लिनक्सवरून कॅमेऱ्यातले पाच-सहा जीबी फोटो एक्सफॅट डिस्कवर टाकत होतो. कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली, पाहुणे दारात उभे, मी केबल ओढली. लिनक्समध्ये ती पट्टी फसवी असते. फाइली आधी रॅममध्ये घेतल्या जातात आणि डिस्कवर सावकाश उतरतात, पट्टी मात्र रॅममध्ये गेल्या की झालं म्हणते. संध्याकाळी डिस्क मॅकला लावली तर फाइंडरमध्ये नावच नाही. डिस्क युटिलिटीत डिस्क दिसत होती, पण व्हॉल्यूमचं नाव फिकं. अशा वेळी माणूस घाबरून केबल काढतो आणि पुन्हा लावतो, ते करू नका. टर्मिनलमध्ये हे पाहा:

```
ps aux | grep fsck
```

तिथे `fsck_exfat` दिसलं तर मॅक "अस्वच्छ" खूण बघून आतून तपासणी करतोय. मोठ्या डिस्कला याला बराच वेळ लागतो आणि तोवर ती पडद्यावर येत नाही. माझी वीस-पंचवीस मिनिटांनी आली. जुनं सगळं जागेवर होतं. शेवटच्या फोल्डरमध्ये मात्र काही फाइली शून्य बाइटच्या, आणि काही फोटोंत वरती माणसांची डोकी, खाली सपाट करडा रंग. कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नव्हतं म्हणून निभावलं.

तेव्हापासून उबंटूवर मी फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करतो आणि डिस्क काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत हात लावत नाही. टर्मिनल आवडत असेल तर:

```
sync
udisksctl unmount -b /dev/sdb1
udisksctl power-off -b /dev/sdb
```

`sdb` हे नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं, ते आधी `lsblk -f` ने बघून घ्या. पहिली ओळ दोन-तीन मिनिटं काहीच न बोलता थांबली तर अडकली असं समजू नका. तेवढ्या वेळात रॅममधलंच डिस्कवर उतरत असतं.

विंडोजमध्ये 2018 च्या 1809 आवृत्तीपासून `Quick removal` हीच मूळ पद्धत आहे, म्हणून इजेक्टची गरज नाही असं बरेच जण सांगतात. मी तरीही करतो. डिस्क वापरात आहे म्हणून ती सुटत नसेल तर बहुधा एक्सप्लोररची एखादी खिडकी किंवा अँटिव्हायरस तिला धरून असतो. तरीही सुटत नसेल तर शिफ्ट दाबून `Shut down` करा आणि मग काढा. साध्या शटडाउनमध्ये विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते. मॅकवर झाकण मिटून डिस्क उपटायची सवय मुलीला असेल तर ती मोडा. `Disk Not Ejected Properly` हा संदेश त्याचाच असतो, आणि तो बघून कोणी सहसा काही करत नाही.

खूण अस्वच्छ राहिलीच तर विंडोज डिस्क लावल्या लावल्या तपासणी करू का विचारते. डेटाची दुसरी प्रत असेल तर खुशाल करा:

```
chkdsk E: /f
```

नंतर `FOUND.000` नावाचं फोल्डर दिसलं तर त्यात बेवारस तुकडे असतात, रजिस्टरमध्ये ज्यांचं नाव सापडलं नाही असे पाहुणे. दुसरी प्रत नसेल तर मात्र आधी दुरुस्ती करू नका, कारण दुरुस्तीही डिस्कवर लिहूनच होते. उबंटूवर फक्त वाचण्यापुरती जोडा, हवं ते उचला, मग `chkdsk`:

```
udisksctl unmount -b /dev/sdb1
sudo mount -o ro /dev/sdb1 /mnt
```

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, ती बंद करा. तो फाइल सिस्टिमचा आजार नाही.

आता तुमची डिस्क. हात लावण्याआधी टीव्हीची परीक्षा घ्या. एखादा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून त्यावर एक व्हिडिओ टाका आणि टीव्हीला लावा. बरेच टीव्ही एक्सफॅट वाचतात, काही जुने वाचत नाहीत. तुमचा वाचत नसेल तर टीव्हीपायी डिस्कचा बेत बदलू नका, लॅपटॉप एचडीएमआयने जोडून बघा. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क फॉरमॅट करू का असंही विचारतात, तिथे नाहीच म्हणायचं. आणि पेनड्राइव्ह चालला पण हार्डडिस्क चालली नाही तर दोष बहुधा विजेचा असतो, यूएसबी 2 चं भोक 500 मिलिअँपिअरच देतं.

एनटीएफएसची एक्सफॅट जागच्या जागी होत नाही. विंडोजची `convert` ही आज्ञा फॅटपासून एनटीएफएसकडे जाते, या बाजूला येत नाही. तेव्हा 900 जीबी कुठेतरी उतरवून ठेवावेच लागतील. काही जण पार्टिशन आक्रसून उरलेल्या जागेत एक्सफॅट करतात आणि थोडं थोडं हलवतात. ही कसरत करू नका. शेवटी एक्सफॅटचा भाग डिस्कच्या टोकाला अडकतो आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट एक्सफॅट वाढवत नाही की कमी करत नाही. दुसरी 2 टीबीची एनटीएफएस डिस्क आणा. ती पुढेही लागणार आहे.

सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं की दोन्हीकडे फोल्डर निवडून `Properties` उघडा आणि फाइलींची संख्या व `Size` जुळवा. `Size on disk` जुळेलच असं नाही, तो जुळायलाच हवा असंही नाही. मग दोन-चार मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून चालवून पाहा.

फॉरमॅट मी नेहमी विंडोजवर मारतो, कारण क्लस्टरचा आकार स्वतः ठरवता येतो. त्याआधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून `diskpart` आणि मग `list disk` द्या. `Gpt` च्या रकान्यात तारा असेल तर डिस्क जीपीटी आहे, नसेल तर एमबीआर. डिस्कवरच्या पार्टिशनची यादी ठेवण्याच्या या दोन पद्धती. तिन्ही संगणकांना दोन्ही चालतात, पण जुन्या टीव्हीला बऱ्याचदा एमबीआरच कळते. एमबीआरची मर्यादा सुमारे 2.2 लाख कोटी बाइट आहे, तुमची डिस्क 2 लाख कोटींची, म्हणजे बसते. विंडोज तिला 1.81 टीबी दाखवते, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. पुढे 4 टीबीची घेतलीत तर मात्र जीपीटीला पर्याय नाही. आत्ता आहे ते टीव्हीला चालत असेल तर बदलू नका. `exit` करा आणि पुढची आज्ञा द्या:

```
format E: /FS:EXFAT /A:128K /V:GHAR /Q
```

एंटर दाबण्याआधी `E:` हीच ती डिस्क आहे ना हे एक्सप्लोररमध्ये पाहा, आणि ज्या डिस्कवर डेटा उतरवलाय तिची केबल काढून ठेवा. नाव 11 अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही.

128 केबी म्हणजे या लॉजमधली सगळ्यात लहान खोली. 38 जीबीच्या व्हिडिओला त्याचं काही नाही. पण 4 केबीची फाइलही अख्खी खोली अडवते, आणि इथे मॅकची एक खोड आड येते. फाइलींना चिकटवलेली जादा माहिती, म्हणजे रंगीत टॅग किंवा "इंटरनेटवरून उतरवलेली" अशी खूण, ठेवायला एक्सफॅटमध्ये जागा नसते. म्हणून मॅक `IMG_2041.jpg` शेजारी `._IMG_2041.jpg` बनवतो. ती साधारण 4 केबीची असते आणि मॅकवर दिसत नाही. अशा 30,000 फोटोंमागे पावणेचार जीबी नुसते त्यात जातात. जागेचं एवढं नाही, पण टीव्हीवर प्रत्येक व्हिडिओ दोनदा दिसतो आणि त्यातला एक चालत नाही. "डिस्क खराब झाली" म्हणून लोक माझ्याकडे येतात त्यातली कित्येक प्रकरणं एवढीच असतात. टॅग गेले तरी चालणार असतील तर मॅकवरच झाडून घ्या:

```
dot_clean -m /Volumes/GHAR
```

छोट्या फाइलींचा ढीग, म्हणजे प्रोग्रॅमिंगचे प्रोजेक्ट वगैरे, या डिस्कवर सुटे ठेवू नका. एक्सफॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या नाहीत, सिमलिंक नाहीत. झिप किंवा टार करून टाका.

मराठीत नावं देणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आडवी येते. समजा व्हिडिओचं नाव असं आहे:

```
आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा घरगुती कार्यक्रम आणि नातेवाइकांची मनोगतं भाग पहिला.mp4
```

एक्सफॅटवर हे सुखाने बसतं, तिथे 255 चिन्हांची मुभा आहे आणि हे शंभराच्या आत आहे. हीच फाइल उबंटूच्या स्वतःच्या ईएक्सटी4 डिस्कवर ओढली की `File name too long`. कारण ईएक्सटी4 चिन्हं मोजत नाही, बाइट मोजते, 255 पर्यंत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, आणि "च्या" हे आपल्याला एक अक्षर वाटलं तरी च, हलन्त, य आणि काना अशी ती चार चिन्हं, म्हणजे 12 बाइट. वरच्या नावात देवनागरीची 85 चिन्हं आहेत, त्यांचेच 255 बाइट झाले. दहा स्पेस आणि `.mp4` धरून 269. नाव आखूड करा, दुसरा उपाय नाही. उलट दिशेला अपूर्णविराम नडतो: उबंटूवर "मुहूर्त 10:35" असं फोल्डर चालतं, एक्सफॅटवर `:` चालत नाही. `?`, `*`, `|` आणि `"` यांचंही तेच.

आता ती दुसरी डिस्क. डेटा परत आणल्यावर ती रिकामी करू नका, एनटीएफएसच राहू द्या. तिच्यावर फक्त तुमचा विंडोज लॅपटॉप लिहील, त्यामुळे जर्नल असलेली फाइल सिस्टिम तिथे परवडते. उतरवलेला डेटा तिच्यावर `GHAR` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि महिन्यातून एकदा दोन्ही डिस्का लावून:

```
robocopy E:\ F:\GHAR /E /FFT /A-:SH /R:1 /W:1 /XD "System Volume Information" "$RECYCLE.BIN"
```

नवं आणि बदललेलं तेवढं उचललं जातं. इंटरनेटवरच्या बऱ्याच उत्तरांत याच आज्ञेला `/MIR` जोडलेलं दिसेल. ते मुद्दाम गाळलंय. त्याने एक्सफॅट डिस्कवरून जे उडालं ते बॅकअपवरूनही पुसलं जातं. मुलीला मॅकचं टाइम मशीन लावायचं असेल तर यातली एकही डिस्क चालणार नाही. त्याला एपीएफएस किंवा जुनी एचएफएस प्लस लागते, तेव्हा तिची डिस्क वेगळी. अडीअडचणीला ही एनटीएफएस डिस्क मॅकला लावलीत तर सगळं वाचता येईल, लिहिता मात्र येणार नाही, आणि बॅकअपच्या डिस्कवर मुलीला लिहिता येत नाही हे मला बरंच वाटतं.